बचत गटाचा हिशोब मांडताना या चुका टाळा

ग्रामीण उद्योजकता शिकायला मुंबईतून आलेली मुलं दरवर्षी मी शहापूरकडच्या गावांत घेऊन जाते. आसनगावला लोकलमधून उतरायच्या आधीच त्यांच्या लॅपटॉपमध्ये तक्ते तयार असतात. मला राग येतो तो याच घाईचा. गटाची वही बघायच्या आधी तक्ता करायचाच कशाला?

सगळ्यात महागात पडणारी चूक व्याजाची. गटात अंतर्गत कर्जाला शेकडा दोन रुपये महिना असा दर सर्रास असतो. मुलं लगेच लिहितात, वर्षाला २४ टक्के. पण हे व्याज कशावर लावायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

एका वर्षी आमच्या एका मुलीने एका गटासाठी एक्सेलमध्ये हप्त्यांचा तक्ता करून दिला. पिकोचं मशीन घ्यायला एका ताईंनी १२,००० रुपये उचलले होते, मुदत बारा महिने. तक्त्यात दरमहा हजार मुद्दल आणि २४० व्याज, म्हणजे १,२४० चा हप्ता, शेवटपर्यंत एकसारखा. दिसायला सुबक, म्हणून मीही नीट न बघता होकार दिला. ती चूक माझी.

अकराव्या महिन्याच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. त्या ताईंनी हप्ता सतरंजीवर ठेवला, आपलं पासबुक उघडलं आणि बाकीच्या आकड्यावर बोट ठेवून मुलीला म्हणाल्या, "पोरी, दोनच हजार राहिलेत ना माझ्याकडे? मग व्याज अजून बारा हजारांचं कसं?" सगळ्या गप्प झाल्या. मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

ताईंचं बरोबर होतं. दर महिन्याला मुद्दल हजाराने उतरतं, तर व्याजही उरलेल्या मुद्दलावरच लागायला हवं. पहिल्या महिन्यात १२,००० वर २४०, दुसऱ्यात ११,००० वर २२०, असं उतरत शेवटी १,००० वर २०. बारा महिन्यांचं मिळून व्याज होतं १,५६०. आमच्या तक्त्याने २,८८० लावलं होतं, म्हणजे १,३२० जास्त. सारख्या हप्त्यांच्या त्या तक्त्यात सांगितलेला दर २४ टक्के असला, तरी घटत्या मुद्दलावर मोजला तर तो जवळजवळ ४२ टक्के पडतो.

जास्तीचं व्याज गटाच्याच निधीत गेलं होतं, त्यामुळे परत देता आलं. पण "पैसे गटातच राहतात ना" ही सबब मला मान्य नाही. निधीत सगळ्यांचा वाटा असतो आणि भुर्दंड एकटीला बसतो, तोही नेमका धंद्यासाठी कर्ज काढायची हिंमत करणारीला.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पहिल्या तीन हप्त्यांचा हिशोब मी पेन्सिलने कागदावर करते, तोही त्या बाईसमोर बसून. मागची बाकी, तिच्यावर व्याज, जमा मुद्दल, नवी बाकी. तिला तो पटला तरच एक्सेल उघडायचं. आणि एखाद्या महिन्यात हप्ता चुकला, तर मुद्दल त्या महिन्यात उतरत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी व्याज कमी होत नाही. तयार तक्त्याला हे कळत नाही, वहीला कळतं.

दुसरी चूक मुंबईची मुलं हमखास करतात. मानखुर्दला किंवा गोवंडीला गल्लीत बायका मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता भरायला एकत्र बसलेल्या त्यांनी पाहिलेल्या असतात, आणि तेही "गटाचं लोन" म्हणूनच ओळखलं जातं. मग अहवालात दोन्ही बचत गट होऊन बसतात. कंपनीच्या गटात बायका एकमेकींना जामीन असतात, कर्ज मात्र प्रत्येकीचं वेगळं, पैसा कंपनीचा आणि व्याजही कंपनीकडे जाणारं. बचत गटात आधी स्वतःची बचत जमते, तिच्यातून आपसात कर्ज दिलं जातं आणि मग बँक पुढे येते. नाबार्डने १९९२ साली गट बँकांना जोडायला सुरुवात केली ती याच पायावर. ओळखायला मी एवढंच विचारते: गटाच्या नावाचं बँक पासबुक दाखवता का? आणि मागच्या वर्षीचं व्याज कुणाच्या खात्यात गेलं?

परतफेडीची ताकद मोजताना फक्त नव्या कर्जाचा हप्ता धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्स कर्जांसाठीच्या २०२२ पासूनच्या नियमांत घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असं आहे, आणि "सगळ्या" हाच शब्द मुलं गाळतात.

बँकेचं कर्ज दहाजणींत सारखं वाटलेलं दिसलं, तर "समान वाटप" म्हणून कौतुक लिहू नका. एकीला शेळ्यांसाठी पंचवीस हजार लागतात, दुसरीला काहीच नको असतं. जिला नको होतं तिच्या वाट्याचे पैसे कुणीतरी दुसरीच वापरत असते आणि हप्ता थकला की भांडण तिथूनच सुरू होतं.

आणि इतिवृत्ताचा फोटो काढून "बैठका नियमित" असं लिहू नका. सहा महिन्यांच्या बैठका एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या असतील, तर मी त्या तारखांच्या पासबुकातल्या नोंदी मागते. हप्ते आणि बचत तिथे त्याच तारखांना जमा दिसत नसेल, तर वही आदल्या रात्री भरली गेली आहे असं मी धरते.