पीडीएफ उतरवण्याआधी ग्रंथालयाला चिठ्ठी लिहा

गेल्या मे महिन्यात एका सकाळी आमच्या कॉलेजात एका मोठ्या प्रकाशकाचा एकही पेपर कुणाला उघडता येईना. प्राध्यापकांना नाही, पीएचडीवाल्यांना नाही, ग्रंथालयातल्या संगणकांवर तर नाहीच. कारण मी होतो, आणि हे मला दुपारी चार वाजता कळलं, ग्रंथपाल मॅडमनी बोलावल्यावर.

माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट विदर्भातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरवेलचं पाणी, आणि त्यावर आधी काय काय लिहिलं गेलंय त्याचा आढावा. शोध घेऊन, दुहेरी नोंदी काढून 611 पेपरची यादी झाली होती. हॉस्टेलचा सीनियर म्हणाला, "एक एक काय उघडून राहिला बे, एक्स्टेंशन टाक ना." पानावरच्या सगळ्या पीडीएफ लिंक एका झटक्यात उतरवणारं ब्राउझर एक्स्टेंशन असतं, ते. रात्री एक वाजता कूलरसमोर बसून मी ते सुरू केलं आणि झोपलो.

सकाळी फोल्डरमध्ये 412 फायली होत्या. मी खूश. पण 188व्या फायलीपासून पुढची प्रत्येक फाइल बरोबर 38 केबीची होती, आणि एकही उघडत नव्हती. तुमच्याकडे असं दिसलं तर तिथेच थांबा. मी टर्मिनलमध्ये फायलीची पहिली चार अक्षरं तपासली, पण फार उशिरा:

```
head -c 4 0188.pdf
```

खऱ्या पीडीएफचं उत्तर `%PDF` येतं. माझं आलं `<!DO`. म्हणजे ते वेबपान होतं, "तुम्ही माणूस आहात का" असं विचारणारं, पीडीएफच्या नावाखाली जतन झालेलं. प्रकाशकानं पहिला इशारा 188व्या फायलीलाच दिला होता. माझं एक्स्टेंशन त्यानंतरही दोनशेहून जास्त वेळा दार वाजवत राहिलं.

आता ज्या खड्ड्यात मी पडलो त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. रोबो, स्क्रिप्ट आणि पद्धतशीर डाउनलोडला मनाई, असं वाक्य प्रकाशकांच्या अटींमध्ये बहुधा असतंच. ते मी वाचलं होतं. पण मला पायथन येत नाही, त्यामुळे ते आपल्यासाठी नाही असं मी धरून चाललो. चूक! एक्स्टेंशन हाही रोबोच. दुसरी समजूत अशी की प्रत्येक फायलीमध्ये दहा सेकंद सोडले की झालं. वेग कमी केला की पकडलं जाण्याची शक्यता कमी होते, परवानगी मिळत नाही. मनाई "पद्धतशीर" या शब्दावर आहे. अंकामागून अंक ओळीनं उतरवला तर तो हळू उतरवला तरी पद्धतशीरच. "मग किती चालतील?" असं सगळेच विचारतात. अटींत बहुधा आकडा नसतो. वाचण्यासाठी घेताय की साठवण्यासाठी, हे पाहिलं जातं.

आणि कॉलेज का बंद पडलं? हॉस्टेल, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सगळं बाहेर जातं ते एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून. प्रकाशकाला मी दिसत नाही, कॉलेज दिसतं. त्यानं दार लावलं की सगळ्यांसाठी लागतं. मॅडमना लॉगमधून मला शोधावं लागलं, लेखी खुलासा द्यावा लागला, तेव्हा तीन दिवसांनी प्रवेश परत मिळाला. आमच्याकडे ही जर्नल्स वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून येतात. म्हणजे करार कॉलेजनं केलेला नाही, तो देशपातळीवर, विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत झालेला आहे. त्यामुळे "मॅडम, तुम्ही सांगून टाका ना त्यांना" हे चालत नाही, त्यांनाही वर विचारावं लागतं.

घाबरू नका, मला कुणी काढून टाकलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आधी चिठ्ठी लिहिली असती तर मीच रस्ता सांगितला असता." मग त्यांनी विचारलं, 611 पेपर वाचणार आहेस का? नव्हतो. शीर्षक आणि सारांश वाचूनच बहुतेक गळणार होते, आणि सारांश तर फुकट दिसतात. मी चाळणीआधीच पोती भरायला निघालो होतो. (गाइड लोकांनी "सगळं डाउनलोड करून ठेव" म्हणणं बंद करावं, हे माझं स्पष्ट मत आहे.)

चार दिवस सारांश चाळले. उरले 163. प्रत्येक पेपरला डीओआय नावाचा कायमचा ओळखक्रमांक असतो. मोफत प्रती शोधून देणाऱ्या अनपेवॉल या सेवेला तो विचारला:

```
https://api.unpaywall.org/v2/DOI?email=तुमचा_ईमेल
```

`DOI`च्या जागी पेपरचा डीओआय टाकायचा. उत्तरात `is_oa` समोर `true` असेल तर कायदेशीर मोफत प्रत कुठेतरी आहे, आणि तिचा पत्ता `best_oa_location` मध्ये असतो. दिवसाला एक लाख विचारणा चालतात, आपल्याला 163 म्हणजे काहीच नाही. 58 मोफत निघाले. तरी प्रत्येक मोफत साइटचे आपापले नियम असतात. arXiv ही पेपरांची साइट यंत्राच्या दोन विनंत्यांमध्ये तीन सेकंद सोडायला सांगते, आणि पबमेड सेंट्रलच्या मुख्य साइटवरून यंत्रानं उतरवायला बंदी आहे, त्यासाठी त्यांनी वेगळी सोय ठेवली आहे.

राहिले 105. तेव्हा ही चिठ्ठी लिहिली:

"मा. ग्रंथपाल मॅडम,
भूजलातील फ्लोराइडच्या आढाव्यासाठी मला 105 लेख पूर्ण हवे आहेत. डीओआयची यादी जोडली आहे. तीन प्रकाशकांचे अनुक्रमे 61, 27 आणि 17 लेख आहेत. मी ते हाताने, ग्रंथालयातील संगणकावरून, दिवसाला साधारण दहा या प्रमाणे उघडून वाचणार आहे. एक्स्टेंशन किंवा स्क्रिप्ट वापरणार नाही. प्रती फक्त माझ्या लॅपटॉपवर राहतील, ग्रुपवर किंवा पेनड्राइव्हवर देणार नाही. या पद्धतीला कराराची हरकत आहे का? आणि पुढे मजकुरातून आकडे यंत्राने काढायचे झाल्यास 61 लेखांच्या प्रकाशकाकडे त्यासाठी अधिकृत एपीआय आहे का, आपल्या करारात ते बसते का, हे कृपया कळवावे."

यातलं शेवटचं वाक्य विसरू नका. एपीआय म्हणजे यंत्रानं थेट मजकूर मागायची प्रकाशकाची अधिकृत वाट. वाचणं आणि यंत्राकडून मजकूर खणून काढणं या करारात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. काही प्रकाशक त्यासाठी वेगळी एपीआय की देतात, ती कॉलेजच्या नेटवर्कमधूनच चालते, आणि मजकूर पीडीएफऐवजी एक्सएमएलमध्ये मिळतो. आकडे काढायला तो उलट बराच सोपा पडतो. पेनड्राइव्हचं वाक्यही मुद्दाम आहे. आमच्या हॉस्टेलात सीनियरचा "पेपर कलेक्शन" नावाचा पेनड्राइव्ह वारसाहक्कानं फिरतो. तो कराराबाहेरचा आहे, आणि खरं सांगू, त्यातले निम्मे पेपर कुणी उघडलेलेही नसतात.

उत्तर दोन दिवसांत आलं. हातानं वाचायला हरकत नाही, एपीआयबद्दल वर विचारलंय, तोवर थांब. थांबलो. अकरा दिवसांत 101 लेख झाले. चार आमच्या वर्गणीत नव्हतेच. लेखकांना मेल केली, तिघांनी स्वतःची प्रत पाठवली. चौथ्याची वाट पाहून राहिलोय.