पहिला पीसी जोडताय? मग बोर्ड आधी कॅबिनेटमध्ये कसू नका

नागपूरच्या बर्डीवरून सामान आणलं, पिशव्या पलंगावर ओतल्या, की नव्वद टक्के पोरं पहिल्यांदा काय उघडतात? कॅबिनेट. काच, लाइटवाले पंखे, सगळं चमकतं ना. मग त्या रिकाम्या डब्यात मदरबोर्ड ठेवायचा, सगळे स्क्रू घट्ट आवळायचे, आणि त्यानंतर आत हात घालून प्रोसेसर, रॅम आणि पंखा बसवायला बसायचं. काम अर्धं झाल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे अवघड काम अजून सुरूच झालेलं नसतं, आणि जागा मात्र घालवलेली असते.

माझा क्रम ठरलेला आहे. मदरबोर्ड ज्या खोक्यात आला तेच खोकं टेबलावर ठेवायचं आणि बोर्ड त्यावर आडवा ठेवायचा. चंदेरी पिशवीवर नाही, कारण ती बाहेरून थोडीफार वीज वाहून नेऊ शकते आणि आपण याच स्थितीत बोर्ड चालू करून बघणार आहोत. मग प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि शेवटी प्रोसेसरचा पंखा. एवढं झालं की वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, जोडून स्क्रीनवर काहीतरी दिसतं का ते बघायचं. कॅबिनेट तोवर कोपऱ्यात राहू द्या.

यातली जी चूक मी सगळ्यात जास्त पाहिली ती पंख्याची आहे. इंटेलच्या प्रोसेसरसोबत फुकट येणारा पंखा चार काळ्या टोप्यांवर बसतो. टोपी दाबली की तिचा पांढरा दुहेरी पाय बोर्डाच्या भोकातून पलीकडे जातो, मधली काळी काडी त्यात शिरून पाय फाकवते आणि तो अडकतो. स्क्रू नाही, पाना नाही. इतकं सोपं दिसतं म्हणूनच फसतं.

त्रिमूर्ती नगरातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराचा पीसी ऐन मे महिन्यात माझ्याकडे आला. आय फाइव्ह १२४००, त्याच्यासोबतचाच पंखा, साधा छोटा बोर्ड. तक्रार अशी की चालू केल्यावर पंखा विमानासारखा ओरडतो आणि गेम लावला की थोड्या वेळात मशीन आपोआप बंद. "दादा, नागपूरचा उन्हाळा आहे ना, म्हणून गरम होऊन राहिलं," हे त्याचं निदान. त्या निदानावर त्याने आधीच थर्मल पेस्टची महागडी ट्यूब आणली होती, कॅबिनेटला दोन पंखे वाढवले होते आणि आता वॉटर कूलिंगसाठी घरच्यांकडे पैसे मागत होता.

मी आधी बायोस उघडला. त्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं आणि तिथे मशीनवर काही भार नसतो. आकडा नव्वदीत होता आणि वर सरकत होता. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश; तिथे पोचला की तो आपला वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद करतो. खोलीत अगदी ४२ अंश असले तरी नुसत्या बायोसमध्ये नव्वदी गाठायचं काही कारण नाही. म्हणजे उन्हाळ्याचा दोष नव्हता. पंख्याखालचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, प्रोसेसरला नीट टेकलेलाच नव्हता.

कॅबिनेटची मागची पत्री काढली. सॉकेटच्या मागे कॅबिनेटला चौकोनी खिडकी असते, पण याचं कॅबिनेट स्वस्तातलं, चौथं भोक पत्र्याआड गेलेलं. तीन पाय फाकलेले दिसत होते, चौथा दिसेना. शेवटी बोर्ड पूर्ण बाहेर काढला. वरचा डावा पाय भोकाशेजारी दुमडून पडला होता. का, तेही लगेच कळलं. त्या कोपऱ्याच्या एका बाजूला बोर्डाचा हीटसिंक, दुसऱ्या बाजूला कॅबिनेटचा मागचा पंखा, मधे अंगठा मावत नाही. पोराने तिरपा जोर दिला, "टक्" असा आवाज आला, झालं म्हणून सोडून दिलं. आवाज पाय दुमडल्याचा होता.

पाय नखाने सरळ केला, जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध टाकली आणि बोर्ड टेबलावर ठेवूनच पंखा बसवला. बायोसमधला आकडा पन्नाशीच्या आत येऊन थांबला. वॉटर कूलिंगचे पैसे वाचले, त्याची आई मात्र त्या जास्तीच्या दोन पंख्यांवरून त्याला अजून बोलते.

तर बाहेर बसवताना मी असं करतो. बोर्डासोबत खोक्यात फोमचा तुकडा आला असेल तर तोच खाली घेतो, म्हणजे पायांना पलीकडे शिरायला जागा मिळते. चारही टोप्या आधी त्यांच्यावरच्या बाणाच्या उलट दिशेला फिरवून घेतो, कारण बाणाची दिशा सोडवायची आहे, बसवायची नाही. हे उलटं समजून घेतलेले लोक टोपी दाबत राहतात आणि ती धरतच नाही. मग चारही पाय भोकांवर टेकवून समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन टोप्या एकदम दाबायच्या, नंतर उरलेल्या दोन. शेवटी बोर्ड हातात घेऊन उलटा करायचा आणि चारही पाय बघायचे. पांढरे पाय फाकलेले आणि मधे काळी काडी दिसली पाहिजे. हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि बोर्ड कॅबिनेटमध्ये कसलेला असला की नेमकं हेच जमत नाही. एक पाय जरी राहिला असेल तर पंखा उचलून परत बसवताना पेस्ट पुसून नवी लावायची. एकदा चिकटून सुटलेली पेस्ट परत नीट पसरत नाही.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्या बोर्डावर दुसरी गंमत आहे. तिथे बऱ्याच पंख्यांसाठी वरचे प्लास्टिकचे कंस काढावे लागतात, आणि ते काढले की मागची लोखंडी पट्टी सुटी होते. बोर्ड कॅबिनेटमध्ये उभा असेल तर ती पट्टी मागे घरंगळते आणि तुम्ही समोरून स्क्रू हवेत फिरवत बसता. टेबलावर ती बोर्डाखालीच राहते.

दुसरं माझं दुखणं रॅमचं. "पंखे फिरतात, लाइट लागतात, पण डिस्प्ले येत नाही" असा फोन आला की मी पहिला प्रश्न रॅमचाच विचारतो. स्वस्तातले छोटे बोर्ड रुंदीला कमी असतात. त्यांच्या उजव्या कडेला, म्हणजे जिथे रॅमचे स्लॉट आणि एसएमपीएसचा मोठा चोवीस पिनांचा सॉकेट असतो, तिथे खाली आधाराचा एकही स्क्रू येत नाही. कॅबिनेटमध्ये तिथे दाबलं की बोर्ड दिवाणाच्या फळीसारखा वाकतो. नवखा माणूस घाबरतो आणि हात आखडता घेतो. रॅम अर्धीच बसते.

त्यात कित्येक बोर्डांवर क्लिप एकाच टोकाला असते. क्लिपवालं टोक दाबलं, खट्कन आवाज आला, म्हणून लोक खूश. दुसरं टोक मात्र किंचित वर राहिलेलं. म्हणून आवाजावर विश्वास ठेवू नका, डोळा बोर्डाच्या पातळीत आणून बघा. रॅमची कड स्लॉटला समांतर दिसली पाहिजे, एका टोकाला सोनेरी पट्टी डोकावत असेल तर बसली नाही. टेबलावर दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं दाबा, जोर लागतो, लागू द्या. फक्त आधी खालची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून घ्या. उलटी रॅम कितीही दाबली तरी जाणार नाही, जाईल ते तुमच्या स्लॉटचं प्लास्टिक.

दोन रॅम असतील आणि स्लॉट चार असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. शेजारी शेजारी लावल्या तर मशीन बहुतेक वेळा चालतं, पण दोन रॅम घेतल्याचा फायदा जातो.

आणि डीडीआर५ रॅमवाल्यांनो, पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमची जुळवाजुळव करतो. त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. वीस सेकंदांत बटण दाबून बंद करणारे, परत चालू करणारे, परत बंद करणारे वीर मी पाहिले आहेत. चहा टाका.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा, दाबू नका. इंटेल आणि एएमडीच्या एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या, आणि त्यावर बोट किंवा पेचकस पडला की विषय संपला. मात्र इंटेलच्या सॉकेटचा दांडा खाली आणताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो. त्याला घाबरून अर्ध्यात सोडू नका. वरचं काळं प्लास्टिकचं झाकण त्याच वेळी आपोआप उडून निघतं. ते फेकू नका, बोर्ड वॉरंटीत पाठवताना सॉकेटवर लागतं.

आता बाहेरची चाचणी. चोवीस पिनांची वायर, वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची वायर, आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर. मॉनिटर बोर्डालाच जोडा. प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल तर त्यात ग्राफिक नसतं, तेव्हा ग्राफिक कार्ड लावल्याशिवाय काही दिसणार नाही. पॉवर बटण अजून नाहीच, तर पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिनांना पेचकसाच्या टोकाने क्षणभर एकत्र टेकवा. बायोस आला, रॅम पूर्ण दिसली, तापमान दहा मिनिटं जागच्या जागी राहिलं, की बंद करून वायर काढा. आणि हे सगळं करताना खसच्या कूलरचा झोत टेबलावर नको. त्यातून कधीकधी पाण्याचे शिंतोडे येतात.

यानंतर कॅबिनेट. यूएसबी वगैरेच्या पोर्टांभोवती बसणारी आयओ पत्री आधी, बोर्ड नंतर. ती विसरली की सगळे स्क्रू परत सोडायचे. खालचे पितळी खांब बोर्डाच्या भोकांशी मोजून जुळवा. एखादा खांब भोक नसलेल्या जागी राहिला तर तो बोर्डाला मागून टेकतो आणि शॉर्ट होतो. आठ पिनांची वायर बोर्ड बसवायच्या आधी वरच्या खाचेतून ओढून ठेवा, मागाहून बोटं जात नाहीत. ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी. बाहेर चाललेलं मशीन आत बसवल्यावर बंद पडलं तर रॅम आणि प्रोसेसरला हात लावू नका. जास्तीचा खांब, सुटलेली आठ पिनांची वायर आणि समोरच्या बटणाच्या पिना एवढंच तपासा. आणि कार्ड लावल्यावर मॉनिटरची वायर बोर्डावरून काढून कार्डाला लावा. "दादा, डिस्प्ले गेला" म्हणून रात्री अकराला येणारे निम्मे फोन याचेच असतात.