"ताई, एक रेझिग्नेशन लेटर बनवून दे ना": एवढ्यावर काय लिहायचं आणि काय विचारायचं

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एचआरला आहे, राहते घणसोलीला, त्यामुळे नात्यातली, सोसायटीतली, ट्रान्स हार्बरच्या लेडीज डब्यातली सगळी पहिली-दुसरी नोकरीवाली पोरं-पोरी राजीनाम्याच्या वेळी मलाच मेसेज टाकतात. मेसेज ठरलेला, "ताई एक रेझिग्नेशन लेटर बनवून दे ना, अर्जंट आहे". बास. पोस्ट काय, नोटीस किती, का सोडतोयस, गोड लिहायचंय का कोरडं, काही नाही. आणि उलट विचारलं की "अगं साधंच दे ना कुठलंतरी".

तर ज्यांना स्वतः लिहायचंय किंवा मित्राला लिहून द्यायचंय त्यांच्यासाठी हे. या चार गोष्टींपैकी तीन नसल्या तरी लेटर बनतं. पोस्ट म्हणजे एक शब्द, तो नंतर टाकता येतो. टोन विचारायची गरजच नाही, काही सांगितलं नसेल तर साधा, कोरडा, नम्र, तोच सगळीकडे चालतो. कारण तर लिहिलं नाही तरी चालतं, त्यावर पुढे येतेच. अडतं फक्त नोटीसवर, कारण तिथे अंदाजाने तारीख टाकली की पैसे जातात नाहीतर रिलीव्हिंग लेटर लटकतं. म्हणून मी आधी एकच गोष्ट मागते: अपॉइंटमेंट लेटर आणि त्यानंतर कंपनीने दिलेला प्रत्येक कागद, फोटो काढून पाठव.

प्रत्येक कागद का, ते आत्याच्या मुलाच्या केसमधून सांगते, 2025 मधली आहे. तो तुर्भ्याला एका लॉजिस्टिक्स कंपनीत ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह होता, न्हावाशेव्याचे कंटेनर, शिपिंग लाइनचा फॉलोअप, ते सगळं. दुसरीकडून ऑफर आली, 14 जुलैला जॉइन व्हायचं म्हणून. हा म्हणाला नोटीस एक महिना आहे, मला पाठ आहे. अपॉइंटमेंट लेटर बघितलं तर खरंच 30 दिवस. पण मी म्हटलं इन्क्रिमेंट लेटर पाठव, तर त्यात वाढलेल्या पगाराच्या टेबलाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती की आजपासून नोटीस पिरियड 60 दिवस, बाकीच्या अटी पूर्वीप्रमाणे. खाली याची सही. पगाराचा आकडा बघून केलेली, आपण सगळेच तशीच करतो म्हणा. प्रोबेशनवाल्यांचं वेगळं असतं, त्यांची नोटीस बऱ्याचदा कमी असते, पण तिथेही बघायचं की सहा महिने झाले की आपोआप कन्फर्म धरतात का लेखी कन्फर्मेशन आल्याशिवाय प्रोबेशनच चालू असतं. ते लेटरमध्येच लिहिलेलं असतं.

आता मोजणी. त्याने मेल टाकायचं ठरवलं सोमवारी, 9 जूनला. आमच्याकडे मेलचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजतात, म्हणजे 10 जूनपासून, जूनचे 21 दिवस, जुलैचे 31, झाले 52, उरले आठ, म्हणजे साठावा दिवस 8 ऑगस्ट. तो लास्ट वर्किंग डे. काही कंपन्या मेलचा दिवसही धरतात, म्हणजे एक दिवस इकडेतिकडे, त्यासाठी भांडू नका. शनिवार-रविवार धरायचे का हा प्रश्न हमखास येतो, तर लेटरमध्ये नुसतं 'दिवस' लिहिलं असेल तर सुट्ट्यांसकट मोजतात, कामाचे दिवस असतील तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

पण त्याला 14 जुलैला जॉइन व्हायचं होतं, म्हणजे जुन्या ऑफिसात शेवटचा दिवस शुक्रवार 11 जुलै. तोपर्यंत भरतात 32 दिवस, 28 कमी. या 28 दिवसांचा पगार कंपनी कापणार, ज्याला बायआउट म्हणतात, आणि तो बेसिकवर का ग्रॉसवर हे परत लेटरमध्ये बघायचं. त्याचा ग्रॉस 32 हजार, बेसिक 16 हजार. महिना 30 दिवसांचा धरला तर ग्रॉसवर साधारण 29,870 रुपये आणि बेसिकवर 14,930. त्याच्या लेटरमध्ये ग्रॉस होता, आणि वर असंही होतं की नोटीस कमी करायची का नाही हे कंपनी ठरवेल. म्हणजे पैसे भरायची तयारी असली तरी कंपनी हो म्हणेलच असं नाही. हे वाचल्यावर पठ्ठ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

इथेच लेटरची खरी मेख आहे. नवीन पोरं काय करतात, आपल्याला हवी ती तारीख शेवटचा दिवस म्हणून ठोकून देतात, "माझा लास्ट डे 11 जुलै असेल". मग कंपनी म्हणते तू नोटीस पाळलीच नाहीस, आणि तुझ्याच मेलमध्ये ते लिहिलेलं आहे. त्यापेक्षा राजीनामा नोटीसप्रमाणे द्यायचा आणि लवकर सोडण्याची विनंती वेगळ्या वाक्यात करायची. विनंती नाकारली तरी राजीनामा बरोबरच राहतो. त्याला मी जे दिलं ते साधारण असं होतं, ऑफिसला इंग्रजीत गेलं, पण इंग्रजी करताना वाक्यं वाढवायची नाहीत, एवढीच ठेवायची:

*महोदय,*
*मी ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या पदाचा राजीनामा देत आहे. लागू असलेल्या 60 दिवसांच्या नोटीसनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस 8 ऑगस्ट 2025 असेल.*
*शक्य असल्यास मला 11 जुलै 2025 रोजी कार्यमुक्त करावे ही विनंती. उरलेल्या नोटीसच्या दिवसांबाबत कंपनीच्या नियमांप्रमाणे हिशोब करावा.*
*तोपर्यंत माझ्याकडील कामाचे हस्तांतरण पूर्ण करेन. राजीनामा स्वीकारल्याचे आणि शेवटच्या दिवसाची तारीख ईमेलने कळवावी.*
*इथे काम करण्याची संधी दिल्याबद्दल आभार.*

झालं. ज्याने काहीच सांगितलं नाही त्यालाही मी हेच देते, पद आणि तारखांच्या जागा मोकळ्या ठेवून, विनंतीचा परिच्छेद काढून, आणि वर लिहिते की तारीख भरल्याशिवाय पाठवू नकोस.

यात "देत आहे" आहे, "देण्याचा विचार करत आहे" किंवा "देऊ इच्छितो" नाही. आपल्याला वाटतं नरम लिहिलं तर बरं दिसेल, पण मग मॅनेजर म्हणतो बसू, बोलू, आणि दोन आठवड्यांनी कळतं की नोटीस अजून सुरूच झालेली नाही. त्याच्या उलट टोकाचं म्हणजे "तात्काळ प्रभावाने". नेटवरच्या तयार नमुन्यांत हा शब्द सर्रास असतो, भारदस्त वाटतो म्हणून पोरं उचलतात, आणि त्याचा अर्थ होतो मी आजपासून येणार नाही. काढून टाका.

कारणाचं. मी लिहीतच नाही, फार आग्रह केला तर "वैयक्तिक कारणास्तव". नवीन कंपनीचं नाव तर अजिबात नाही. लोकांना सगळं मनातलं लिहायचं असतं, बॉस कसा वागला, अप्रायझलला कसं डावललं, आणि ते खरंही असतं, पण हा कागद तुमच्या फाइलला राहतो आणि पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला कोणी फोन केला की एचआर तीच फाइल उघडते, आणि तेव्हा तिथे तुम्हाला ओळखणारं कोणी नसतं. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये बोला ना, हवं तेवढं.

पण एक केस अशी आहे जिथे मी साधं लेटर देत नाही, म्हणून नोटीसनंतर दुसरा प्रश्न हाच विचारते: तू स्वतःहून सोडतोयस, का तुला द्यायला सांगितलंय? आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला महापेच्या कंपनीत मीटिंग रूममध्ये बसवून सांगितलं होतं की टीम कमी करतोय, आजच राजीनामा दे म्हणजे तुझा रेकॉर्ड चांगला राहील. तिचाही मेसेज तोच, "साधं लेटर दे". अशा वेळी "मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे" असं छान लिहून दिलं तर कंपनीने कमी केलं हे नंतर दाखवणं अवघड होतं, आणि स्वतः सोडणं आणि कंपनीने काढणं यात नोटीसचा पगार, भरपाई याचा फरक पडतो. तिला मी म्हटलं, आज सही नको, वाचायला वेळ मागते असं सांग आणि घरी आल्यावर एक मेल टाक की आजच्या मीटिंगमध्ये मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, याबद्दल लेखी कळवावं. मग नोटीसचा पूर्ण पगार कबूल करून घेऊनच ती निघाली. पगार थकवलाय, छळ होतोय, अशा केसमध्येही कारण गाळायचं नाही, तिथे आधी कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला कागद दाखवायचे आणि मगच लिहायचं. आणि हो, पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने राहिले असतील तर तारीख टाकण्याआधी ग्रॅच्युइटीचा विचार करा, त्यासाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते.

पाठवताना मॅनेजरला आणि सीसीमध्ये एचआरला, ऑफिसच्या मेलवरून, पण बीसीसीमध्ये स्वतःचा पर्सनल आयडी, कारण शेवटच्या दिवशी दुपारीच ऑफिसचा मेल बंद होतो आणि पुरावा आतच राहतो. पोर्टलवर राजीनामा टाकायचा असेल तर मेलच्याच दिवशी टाका, नाहीतर नोटीस पोर्टलच्या तारखेपासून मोजतात. छोट्या ऑफिसात कागदावर देत असाल तर दुसऱ्या कॉपीवर तारखेसकट सही-शिक्का घ्या. तोंडी "हो हो ठीक आहे" म्हणजे स्वीकारला असं नाही, लास्ट वर्किंग डेची तारीख लिहिलेला मेल येईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी गोड आठवण करत राहा.

त्या आत्याच्या मुलाला कंपनीने 11 जुलैला सोडलं नाही. मॅनेजर म्हणाला पीक सीझन आहे, माणूस मिळू दे. मग त्याने नव्या कंपनीला सरळ इन्क्रिमेंट लेटर दाखवलं आणि जॉइनिंग सोमवार 11 ऑगस्टला ढकलून घेतलं, एक रुपया गेला नाही. निघताना मी त्याच्याकडून सगळ्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 डाउनलोड करून घेतले, आणि ईपीएफओच्या साइटवर डेट ऑफ एक्झिट पडली का ते मधूनमधून बघायला सांगितलं. जुन्या कंपनीने ती टाकली नाही तर शेवटचं काँट्रिब्युशन जमा झाल्यावर दोन महिन्यांनी आपली आपल्याला टाकता येते, त्यासाठी आधारला मोबाइल लिंक असायला हवा.