पहिल्या शॉर्टफिल्मचे एडिटिंग : आवाजाच्या या चुका टाळा

दर हिवाळ्यात कोणी ना कोणी कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळावर शॉर्टफिल्म चित्रित करतो, शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती जोडतो आणि मग पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येतो. चित्र बहुधा बरे असते. बिघडलेला असतो तो आवाज, आणि तोही त्याच त्या दोन-तीन कारणांनी. ती कारणे मला ठाऊक असण्याचे कारण एवढेच, की माझ्या पहिल्या फिल्ममध्ये मी ती सगळी करून बसलो होतो.

त्या फिल्ममध्ये काहिलीजवळ उभा असलेला भाचा विचारतो, "मामा, औंदा दर कमी का लागला?" आणि मामा तीन सेकंद काहीच बोलत नाहीत. मागे चरक चालू होता. संवाद बारीक ऐकू येतात म्हणून मी प्रत्येक क्लिपला `Normalize: One Pass` हा फिल्टर लावला आणि काम झाले असे समजलो. छोट्या सभागृहात फिल्म लागली तेव्हा मामा गप्प झाले आणि चरकाची घरघर हळूहळू फुगत गेली. ते बोलू लागताच ती दबली. प्रेक्षकांपैकी एकाने उठून स्पीकरची वायर हलवून पाहिली! हा फिल्टर आवाजाची पातळी सतत मोजत आणि बदलत जातो, त्यामुळे बोलणे थांबले की उरलेल्या आवाजालाच तो वर उचलतो. `Normalize: Two Pass` आधी संपूर्ण क्लिप तपासून सर्वत्र सारखीच वाढ देतो, म्हणून आवाज असा फुगत नाही. पण तुकड्या-तुकड्याला लावल्यास कुजबूज आणि आरडाओरडा एकाच पट्टीत येतात, हा त्याचा तोटा आहे.

माझी सवय वेगळी आहे. मी प्रत्येक संवादाला `Gain / Volume` लावतो, पीक मीटरकडे पाहत साध्या बोलण्याची टोके उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान आणतो आणि कुजबूज मुद्दाम त्याखाली ठेवतो. शून्याला टेकून फाटलेला आवाज मूळ रेकॉर्डिंगमध्येच असेल, तर नंतर पातळी कमी करून तो सुधारत नाही. सात मिनिटांच्या फिल्मला या कामासाठी एक संध्याकाळ जाते, आणि ज्यांना तेवढाही वेळ नसतो त्यांनी एका बटणात सगळे होईल ही आशा सोडावी.

दुसरी चूक ट्रिमिंगची आहे. संवाद संपला त्याच फ्रेमवर क्लिप कापली की त्यासोबत मागचा आवाजही तुटतो, आणि भाच्याच्या शॉटमधला चरक मोठा व मामांच्या शॉटमधला लहान असेल तर प्रत्येक कटला खट्ट असे जाणवते. यावर उपाय चित्रीकरणाच्या दिवशीच करावा लागतो: सर्वांना गप्प उभे करून नुसत्या चरकाचा अर्धा मिनिट आवाज घ्यावा. एडिटिंगमध्ये तो वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर संपूर्ण प्रसंगाखाली, मीटरवर उणे 30 च्या आसपास, अंथरावा. मग `Detach Audio` ने संवाद वेगळे करून त्यांच्या दोन्ही टोकांना चार-पाच फ्रेमचा फेड द्यावा. क्लिपच्या वरच्या कोपऱ्यातला गोल ठिपका ओढला की तो मिळतो. तो अर्धा मिनिट रेकॉर्ड करायला वेळ नव्हता, असे सांगणाऱ्यांनी सेल्फीला मात्र वेळ काढलेला असतो.

मोबाइलवर चित्रीकरण आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेणाऱ्यांची तक्रार अशी असते, की सुरुवातीला ओठ जुळतात आणि पुढे सुटत जातात. तफावत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल, तर ऑडिओ फक्त सरकवायचा राहिला आहे. ती वाढत जात असेल, तर बहुतेक वेळा मोबाइलने फ्रेम रेट बदलता ठेवलेला असतो. `Properties` मध्ये फ्रेम रेटपुढे `variable` असे दिसते. अशा फाइल मी टाइमलाइनवर आणण्याआधीच ffmpeg या मोफत प्रोग्रामच्या कमांडने बदलून घेतो:

```
ffmpeg -i shot.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le shot.mov
```

मूळ चित्रीकरण सेकंदाला 30 फ्रेमचे असेल तर 25 च्या जागी 30 लिहावे, आणि `Settings` मधील `Video Mode` ही त्याच आकड्याचा निवडावा. तो `Automatic` वर राहिला तर पहिली क्लिप जशी असेल तसा संपूर्ण प्रोजेक्ट ठरतो. अर्धी फिल्म कापून झाल्यावर फाइल बदलायला बसल्यास कट पुन्हा तपासत बसावे लागते.

एक्स्पोर्टला `YouTube` हा तयार प्रीसेट पुरेसा असतो. मूळ क्लिपचे फोल्डर मात्र हलवू नये, कारण शॉटकटच्या `.mlt` या प्रोजेक्ट फाइलमध्ये क्लिप नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. तयार झालेली फाइल मी हेडफोन काढून मोबाइलच्या स्पीकरवर सलग ऐकतो, आणि मामा गप्प होतात ती तीन सेकंदे दोनदा.