मालकाची प्रोफाइल बंद, पेज अधांतरी: या चुका टाळा

सांगलीतल्या दुकानांची फेसबुक पेजं मी बरीच वर्षं सांभाळतोय. पेजला स्वतःचं लॉगिन नसतं, ते माणसाच्या प्रोफाइलवरून चालतं, हे नव्या दुकानदाराला कितीही सांगा, तो म्हणतो, "पेज तर माझ्याच नावावर आहे की!"

गेल्या वर्षी मार्केट यार्डाजवळच्या एका हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. ऐन सीझनमध्ये प्रोफाइल बंद झाली होती. मी पाहिलं तर वैयक्तिक प्रोफाइललाच दुकानाचं नाव! वैयक्तिक खात्यावर रोजच्या वापरातलं खरं नाव लागतं, दुकानाचं चालत नाही. ओळखपत्र मागितल्यावर काकांनी आधार कार्ड दिलं, पण त्यावर त्यांचं नाव आणि प्रोफाइलवर 'ट्रेडर्स'. जुळणार कसं? अपील फेटाळलं गेलं.

अपिलाचा निकाल येण्याआधीच काकांनी त्याच मोबाईलवरून दोन नवी खाती काढली होती. ही घाई मला सगळ्यात जास्त खटकते. बंद झालेल्या माणसानं नवं खातं काढणं नियमातच बसत नाही. तीही गेली. खातं निलंबित झालं की अपिलाला 180 दिवस मिळतात, ते एकाच खात्यावरून, नीट वाचून, स्पष्ट कागद लावून वापरा.

मुलाला पेजवर घेतलं होतं, म्हणून काकांना धीर होता. पण त्याला फक्त कामापुरता ॲक्सेस होता. तो पोस्ट टाकायचा, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायचा, मात्र दुसऱ्या कुणाला पूर्ण ताबा देणं त्याच्या हातात नव्हतं. पेज डोळ्यांसमोर दिसत होतं आणि किल्ली कुणाकडेच नव्हती. इन्स्टाग्राम तेवढं वाचलं, कारण त्याचा ईमेल आणि पासवर्ड वेगळा होता. शेवटी नवं पेज मुलाच्या प्रोफाइलवरून काढलं आणि त्याची बातमी इन्स्टाग्रामवरून दिली.

म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पेजवर पहिल्याच दिवशी घरच्या दुसऱ्या माणसाला घेतो. मालकाच्या प्रोफाइलवरून पेजवर जाऊन Settings मध्ये Page access उघडायचं, माणूस निवडायचा आणि पूर्ण ताब्याचं बटण चालू करायचं. ते मुळात बंद असतं, तिथंच लोक फसतात. मग त्या माणसाला निमंत्रण स्वीकारायला लावतो, समोर बसवून. पुष्कळांची निमंत्रणं तशीच पडून असतात.

दुसरा माणूस म्हणून स्वतःचीच दुसरी बनावट प्रोफाइल जोडू नका. पहिली गेली की तीही जाते.

'पाच हजारांत पेज परत' म्हणणाऱ्यांना ओटीपी देऊ नका.

आणि प्रोफाइल हॅक होऊन बंद पडली असेल, तर आधी facebook.com/hacked वर जा, नेहमीच्या मोबाईलवरूनच. तुमचं दुकान कसलंही असो, प्रोफाइलचं नाव आणि जन्मतारीख आज संध्याकाळीच आधार कार्डाशी ताडून बघा. खातं चालू आहे तोवरच ते दुरुस्त करता येतं.