कॅरेटवरून गोल खड्याचा व्यास काढताना या चुका टाळा

अंगठीतला खडा पडला की बहुतेकांच्या हाती उरतं ते जुनं बिल, आणि त्यावर वजन लिहिलेलं असतं, मापं नसतात. त्या वजनावरून नवा खडा मागवायचा तर आधी व्यास काढावा लागतो. तिथेच घोळ होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वजन दुप्पट झालं की व्यासही दुप्पट होईल असं धरून चालणं. एक कॅरेटचा नीट पैलू पाडलेला गोल हिरा सुमारे 6.45 मिमी रुंद असतो. दोन कॅरेटचा 13 मिमी नसतो, तो जेमतेम 8.1 मिमी भरतो. खडा रुंदीबरोबर खोलीतही वाढतो, म्हणून व्यास वजनाच्या घनमुळाप्रमाणे वाढतो:

```
व्यास (मिमी) = 6.45 × (कॅरेट)^(1/3)
```

फोनच्या कॅलक्युलेटरमध्ये घातांक म्हणून 1/3 टाकताना कंस विसरू नका. कंस राहिला तर आधी वजनाचा पहिला घात होतो, मग त्याला तीनने भाग जातो आणि उत्तर भलतंच येतं. पडताळा सोपा आहे: पाव कॅरेटला 4.06 च्या आसपास आलं पाहिजे.

70 सेंटचा, म्हणजे 0.70 कॅरेटचा हिरा घेऊ. 0.70 चं घनमूळ 0.888, म्हणजे व्यास 5.73 मिमी. पण हे उत्तर खोली व्यासाच्या 61 टक्के धरून आलं आहे आणि प्रत्येक हिरा तसा नसतो. व्यास आणि खोली दोन्ही मिमीमध्ये घेऊन व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले 0.0061 केलं की गोल हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये मिळतं. वरचं सूत्र त्यातूनच निघतं. 58 टक्के खोलीचा उथळ हिरा असेल तर तेच 70 सेंट 5.83 मिमीपर्यंत पसरतात. 64 टक्के खोली आणि जाड गर्डल असेल, म्हणजे हिऱ्याची मधली कड जाड ठेवलेली असेल, तर व्यास 5.57 वर येतो. पाव मिलिमीटरचा हा फरक कोंदणासाठी पुरेसा मोठा आहे. म्हणून केवळ वजनावरून बैठक कोरून घेऊ नका. खडा हातात येऊ द्या, गेजने मोजा, मग कारागिराला सांगा.

उलट दिशेने जाताना तर जास्तच जपावं लागतं. रिकाम्या बैठकीचं माप घेऊन वजन ठरवताना 6.5 च्या जागी 6.6 वाचलं गेलं, तर वजन साडेचार टक्क्यांहून जास्त फुगतं. व्यासातली चूक वजनात तिपटीने उतरते.

दुसरी ठळक चूक म्हणजे हिऱ्याचं सूत्र माणकाला किंवा पाचूला लावणं. हिऱ्याची सापेक्ष घनता 3.52, माणिक आणि नीलमची 4.00, पाचूची सुमारे 2.72. त्यात रंगीत खडे बरेचदा खोल कापलेले असतात, कारण रंग गडद दिसावा आणि कच्च्या खड्याचं वजन वाया जाऊ नये. 65 टक्के खोली धरली तर एक कॅरेटचं गोल माणिक सुमारे 6.0 मिमी भरतं, तेवढ्याच वजनाचा पाचू 6.8. दोन्ही एकाच मापाचे हवे असतील तर कॅरेट सारखं मागू नका, मिलिमीटर सांगा.

अमेरिकन डायमंडबाबत फसगत वेगळी होते. तो 'एक कॅरेट' म्हणून विकला जातो, तेव्हा बहुधा एक कॅरेट हिऱ्याएवढा आकार अभिप्रेत असतो. 6.5 मिमीचा असा खडा काट्यावर 1.6 कॅरेटच्या पुढे जातो, कारण त्याची घनता 5.6 ते 6 असते. उलट त्याच मापाचा मॉइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखाच दिसणारा दुसरा एक खडा, 0.9 कॅरेटच्या आसपास भरतो. बिलावरचं 'कॅरेट' वजन आहे की आकार, हे विचारूनच घ्या.

पुष्कराज किंवा माणिक घेताना रत्तीचा हिशेब आला की आणखी सावध राहायला हवं. सोनाराची जुनी रत्ती सुमारे 0.61 कॅरेटची, तर रत्नांच्या बाजारात चालणारी 0.91 च्या आसपास. सव्वापाच रत्ती पहिल्या हिशेबाने 3.2 कॅरेट, दुसऱ्याने 4.8. तोच 65 टक्के खोलीचा गोल पुष्कराज धरला तर व्यास 8.8 की 10.1 मिमी, एवढं अंतर पडतं. दुकानदाराकडून वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि पाचने गुणा, की कॅरेट मिळतं.

प्रमाणपत्र असेल तर अंदाज कशाला लावायचा? त्यावर 6.43–6.46 × 3.94 अशी मापं असतात: लहान व्यास, मोठा व्यास, खोली. सरासरी 6.445 चा वर्ग गुणिले 3.94 गुणिले 0.0061 केलं की 1.00 कॅरेट येतं. लिहिलेलं वजन या उत्तरापेक्षा चार-पाच टक्के जास्त असेल, तर भिंगाखाली गर्डल पाहा, बहुतेक ती जाड असते. फरक त्याहून बराच मोठा असेल, तर ते प्रमाणपत्र याच खड्याचं आहे का, हे आधी तपासा.