शॉर्ट्सची शेवटची ओळ पडत होती, ती अशी सावरली

आमच्या 'माहितीये का' सिरीजचा ग्राफ बघितला की फॅक्ट सांगून होईपर्यंत लोक थांबायचे आणि मग धाडकन खाली, म्हणजे ओपनर ठीक होता, घोळ शेवटच्या ओळीत होता.

ऑक्टोपसचा एपिसोड घ्या. जुनी स्क्रिप्ट अशी: "माहितीये का? ऑक्टोपसला 3 हृदयं असतात. आहे ना कमाल!" आता यात तिसरं वाक्य काही सांगतच नाही, कमाल आहे हे बघणाऱ्याला आधीच कळलंय, मग तो कशाला थांबेल.

आता टेम्प्लेट असा ठेवलाय की ओपनर तोच, दोन शब्दांचा, त्याच्या आधी नमस्कार-बिमस्कार काही नाही, मग फॅक्ट एका वाक्यात, पण त्यातला एक धागा मुद्दाम मोकळा सोडायचा. "ऑक्टोपसला 3 हृदयं असतात, आणि पोहताना त्यातलं एक चक्क थांबतं." आणि पेऑफ: "म्हणूनच तो पोहून लवकर दमतो, आणि जमलं तर सरपटतच जातो." (थांबतं ते शरीराला रक्त पुरवणारं, बाकीची दोन कल्ल्यांसाठी असतात, पण हे स्क्रिप्टमध्ये कोंबलं की वेग मरतो, म्हणून कॅप्शनमध्ये टाकलं.)

तपासायची पद्धत सोपी आहे, शेवटची ओळ 'म्हणूनच'ने सुरू करून बघायची. नाही जमली तर ती फॅक्टचीच पुनरुक्ती असते किंवा नुसतं कौतुक. काही फॅक्ट्सना परिणामच नसतो, नुसता आकडा असतो, त्या मी सरळ यादीतून काढते.